परदेशी नंबरवरून एकच रिंग येते, परत फोन केला की पैसे जातात. ‘वान्गिरी’चा हा खेळ चालतो कसा?

रात्री अडीचच्या सुमारास फोन एकदाच वाजतो आणि बंद होतो. सकाळी उठून पाहिले तर मिस्ड कॉलच्या यादीत एक अनोळखी नंबर असतो, सुरुवातीला +222. कुणाचा असेल? दुबईतल्या भावाचा? जहाजावर असलेल्या मुलाचा? की बँकेचा? अंगठा आपोआप त्या नंबरवर जातो. पलीकडे रिंग वाजत राहते, कुणी उचलत नाही. मिनिटभर वाट पाहून आपण फोन ठेवतो. बोलणे काहीच झालेले नसते, तरी मेन बॅलन्स संपलेला असतो, किंवा महिनाअखेरीस पोस्टपेड बिलात आयएसडीची एक अनोळखी नोंद दिसते.

या प्रकारात कुणी ओटीपी विचारत नाही, लिंक पाठवत नाही, पोलीस अधिकारी असल्याची बतावणी करत नाही. फसवणाऱ्याला आपल्याशी एक शब्दही बोलावा लागत नाही. पैसे आपल्या बँक खात्यातून नव्हे, तर आपल्याच मोबाइल कंपनीमार्फत, रीतसर हिशेबाने त्याच्यापर्यंत पोहोचतात. हे कसे शक्य होते, ते पाहू.

‘वान्गिरी’ हे नाव कुठून आले?

हा शब्द जपानी आहे. ‘वान’ म्हणजे इंग्रजीतले ‘वन’, आणि ‘गिरी’ हे ‘तोडणे’ या अर्थाच्या जपानी शब्दाचे रूप. एक रिंग द्यायची आणि तोडायचे. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मोबाइल घरोघरी पोहोचले आणि मिस्ड कॉलच्या यादीत नंबर दिसू लागला, तेव्हा हा प्रकार तिथे फोफावला. परत फोन करणाऱ्याला पैसे मोजून ऐकायच्या सेवेची रेकॉर्ड केलेली जाहिरात ऐकू येत असे.

पुढे हा प्रकार देशाच्या सीमा ओलांडून गेला. मे २०१९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाने, नागरिकांना जाहीर इशारा दिला. न्यू यॉर्क आणि ओहायो राज्यांतल्या लोकांना एकाच रिंगचे कॉल वारंवार येत होते, तेही बऱ्याचदा मध्यरात्री. बहुतेक नंबरांची सुरुवात +222 ने होत होती. हा पश्चिम आफ्रिकेतल्या मॉरिटानिया या देशाचा कोड. एकाच नंबरवरून पुन्हा पुन्हा रिंग यायची. अपरात्री दोन-तीनदा वाजलेला फोन माणूस सहजासहजी विसरत नाही, कुणाचे तरी काहीतरी बरेवाईट झाले असेल असेच पहिल्यांदा मनात येते. हा खेळ त्याच काळजीवर उभा आहे.

आपल्याकडे तर मिस्ड कॉल ही स्वतंत्र भाषाच होती. ‘पोहोचलो की मिस्ड कॉल देतो’, ‘खाली आलो की एक रिंग देतो’ हे वाक्य कुणी म्हटले नसेल असे घर सापडणे कठीण. २०११ च्या लोकपाल आंदोलनाला पाठिंबाही लोकांनी मिस्ड कॉल देऊन नोंदवला. एक रिंग म्हणजे ‘मला फोन कर’ हा अर्थ आपल्या डोक्यात पक्का बसला आहे. शिवाय देशातल्या देशात परत फोन करायला आता वेगळे पैसे पडत नाहीत. त्यामुळे ‘करून तर बघू, काय जाते’ असे वाटणे स्वाभाविक आहे. परदेशी नंबरच्या बाबतीत मात्र बरेच काही जाऊ शकते, कारण तिथला हिशेबच निराळा आहे.

पैसे मुळात येतात कुठून?

एका कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन केला की तो पोहोचवण्याचे काम दुसऱ्या कंपनीचे जाळे करते. त्याबद्दल पहिल्या कंपनीने दुसऱ्या कंपनीला मिनिटामागे द्यायची रक्कम म्हणजे ‘टर्मिनेशन चार्ज’. आपण त्याला ‘पोहोच शुल्क’ म्हणू.

भारतात मोबाइलवरून मोबाइलवर केलेल्या कॉलसाठी हे शुल्क एकेकाळी मिनिटाला १४ पैसे होते. ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘ट्राय’ने ते ६ पैशांवर आणले आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य केले. देशांतर्गत कॉल ‘अनलिमिटेड’ देणे कंपन्यांना परवडते, त्यामागचे हे एक मोठे कारण. परदेशातून भारतात येणाऱ्या कॉलसाठी आपल्या कंपन्यांनी किती शुल्क घ्यावे, याचीही मर्यादा २०२० मध्ये ठरली : मिनिटाला ३५ ते ६५ पैसे.

पण भारतातून दुसऱ्या देशात फोन करताना दर ठरतो तो तिथला. एखाद्या लहान बेटावर जेमतेम एक-दोन कंपन्या असतात, ग्राहक काही हजार आणि बाहेरच्या जगाशी जोडणी महागडी. तिथे फोन पोहोचवण्याचे शुल्क आपल्या तुलनेत कितीतरी पट असते. काही देशांसाठी तर बाहेरून येणारे कॉल हे परकीय चलन मिळवण्याचे साधनच राहिले आहे. प्रशांत महासागरातला तुवालू हा देश घ्या. लोकसंख्या साधारण ११ हजार, कोड +688. १९९० च्या दशकात या देशाने आपल्या कोडखालचे नंबर प्रौढांसाठीच्या फोन सेवांना वापरायला देऊन पैसे मिळवले होते. (वेबसाइटच्या पत्त्याअखेरीस दिसणारे .tv हेही याच देशाचे. त्याचेही भाडे त्यांना मिळते.) तो व्यवहार उघड होता आणि फोन करणाऱ्याला आपण काय करतो आहोत हे ठाऊक होते. वान्गिरीत रचना तीच असते, फक्त फोन करणाऱ्याला अंधारात ठेवले जाते.

थोडक्यात, महागड्या देशातल्या नंबरवर गेलेला प्रत्येक मिनिट म्हणजे कुणाचे तरी उत्पन्न. ते उत्पन्न वाटून घ्यायची सोय झाली की फसवणुकीचा धंदा उभा राहतो. म्हणूनच दूरसंचार क्षेत्रात या प्रकाराला ‘आंतरराष्ट्रीय महसूल वाटप फसवणूक’ या गटात धरतात.

सापळा लावतात कसा?

सुरुवात नंबर मिळवण्यापासून होते. परदेशी महागडे नंबर भाड्याने देणाऱ्या मध्यस्थ कंपन्या इंटरनेटवर आहेत. कोणत्या देशाच्या कोणत्या मालिकेतल्या नंबरवर कॉल आला तर मिनिटामागे किती पैसे मिळतील, याची दरपत्रकेच त्या देतात. फसवणारा असे काही नंबर घेतो. या नंबरांवर कॉल जितका वेळ चालेल, तितका त्याचा वाटा.

गंमत अशी की यातले कित्येक नंबर त्या देशात कुणालाही दिलेलेच नसतात. आंतरराष्ट्रीय कॉल एका कंपनीकडून थेट दुसरीकडे जात नाही. वाटेत दोन-तीन, कधी अधिक वाहक कंपन्या असतात आणि प्रत्येक जण पुढच्याला पैसे देऊन कॉल सोपवतो. या साखळीतला एखादा वाहक फसवणुकीत सामील असला, तर तो कॉल वाटेतच अडवतो आणि आपल्याच सर्व्हरवर उचलतो. कॉल मॉरिटानियापर्यंत पोहोचतच नाही, पण बिल मात्र मॉरिटानियाच्या दराने होते. म्हणजे ज्या देशाचे नाव बदनाम होते, त्या देशाला या पैशांतला छदामही मिळत नाही. दूरसंचार अभियंते याला ‘शॉर्ट स्टॉपिंग’ म्हणतात.

नंबर हाती आले की पुढचे काम संगणकाचे. इंटरनेटवरून कॉल करणारी प्रणाली एकामागून एक हजारो मोबाइल नंबर फिरवत जाते. तुमचा नंबर कुठून लीक झालेला असायलाच हवा असे नाही. क्रमाने आकडे वाढवत गेले तरी पुरेसे जिवंत नंबर सापडतात. तुमच्या स्क्रीनवर दिसणारा नंबरही कॉलच्या खऱ्या ठिकाणाचा नसतो. इंटरनेटवरून केलेल्या कॉलसोबत कोणता नंबर दाखवायचा, हे पाठवणाऱ्याला अनेकदा हवे तसे भरता येते. कॉल कुठल्याही देशातून निघालेला असो, दाखवला जातो तो भाड्याने घेतलेला महागडा नंबर.

एकच रिंग देण्यामागे हिशेब आहे. फोनचे बिल सुरू होते ते समोरच्याने फोन उचलल्यावर, रिंग वाजत असताना नाही. पलीकडच्या जाळ्याकडून ‘उचलला’ असा संकेत आल्यावरच मीटर चालू होतो. त्यामुळे एक रिंग देऊन कॉल तोडला तर फसवणाऱ्याला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. उलट तुम्ही चटकन उचललात तर त्याचे पैसे जातात. तुम्ही उचलू नये, नंबर मात्र यादीत दिसावा, एवढीच त्याची इच्छा असते.

आता तुम्ही परत फोन करता. इथे सगळ्यात चलाख भाग येतो. पलीकडचा सर्व्हर कॉल तत्काळ उचलतो आणि तुम्हाला ऐकवतो... रिंगचाच आवाज! रेकॉर्ड केलेला. तुम्हाला वाटते अजून कुणी उचललेले नाही, आणि मीटर पहिल्या सेकंदापासून धावत असतो. कधी रिंगऐवजी ‘कृपया प्रतीक्षा करा’ असा संदेश असतो, कधी संगीत, कधी कुणीतरी ‘हॅलो, हॅलो, आवाज येत नाही’ असे म्हणत राहते. उद्देश एकच, तुम्ही जास्तीत जास्त वेळ लाइनवर राहावे.

हे ओळखायची एक खूण मात्र तुमच्या हातात असते. कान जे ऐकतो ते खोटे असले, तरी फोनची स्क्रीन सहसा खरे सांगते. कॉल जोडला गेला की स्क्रीनवर 00:01, 00:02 असे सेकंद मोजायला सुरुवात होते. खरोखर रिंग वाजत असेल तर तिथे आकडे नसतात, ‘कॉलिंग’ किंवा ‘रिंगिंग’ असे लिहिलेले असते. कानात रिंग आणि स्क्रीनवर सेकंद चालू, असे दिसले तर तो कॉल उचलला गेलेला आहे आणि पैसे कापले जात आहेत.

एका कॉलचा हिशेब

समजा, कोल्हापुरातल्या एका दुकानदाराकडे पोस्टपेड कनेक्शन आहे आणि त्यावर आयएसडी चालू आहे. सकाळी दुकान उघडताना त्यांनी अशा एका नंबरवर परत फोन केला. ८० सेकंद रिंग ऐकली आणि ठेवला. त्या देशाचा दर मिनिटाला १०० रुपये आहे असे धरू (हा आकडा समजण्यापुरता, प्रत्यक्ष दर देशानुसार आणि प्लॅननुसार बदलतात). आयएसडीची आकारणी अनेक प्लॅनमध्ये पूर्ण मिनिटाने होते. म्हणजे ८० सेकंदांची दोन मिनिटे धरली जातात. २०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३६, एकूण २३६ रुपये.

यातले २०० रुपये सगळे त्यांच्या मोबाइल कंपनीकडे राहत नाहीत. कंपनी आपला वाटा ठेवून उरलेली रक्कम कॉल पुढे नेणाऱ्या आंतरराष्ट्रीय वाहकाला देते, तो पुढच्याला, आणि शेवटी ती नंबर भाड्याने देणाऱ्या मध्यस्थाकडे पोहोचते. तिथून ठरलेला वाटा फसवणाऱ्याला. हा वाटा ५० रुपये धरला तरी गणित बघा. संगणकाने एका रात्रीत एक लाख लोकांना रिंग दिली. त्यातल्या ९९ टक्के लोकांनी दुर्लक्ष केले, फक्त एक टक्का लोकांनी परत फोन केला. हे झाले एक हजार जण. प्रत्येकी ५० रुपये म्हणजे ५० हजार रुपये, आणि रिंग द्यायचा खर्च जवळजवळ शून्य. पुन्हा दुसऱ्या दिवशी वेगळे एक लाख नंबर.

फसलेल्या प्रत्येकाचे नुकसान मात्र दोनशे-अडीचशे रुपयांचे. एवढ्यासाठी पोलीस ठाण्यात कोण जाणार? बरेच जण बिलातली ती ओळ वाचतही नाहीत. हा प्रकार टिकून राहण्यामागचे हे साधे कारण आहे.

प्रीपेड ग्राहकांचे नुकसान साधारणपणे त्यांच्या मेन बॅलन्सपुरते मर्यादित राहते. ‘अनलिमिटेड’ पॅकमध्ये आयएसडी नसते. त्या कॉलचे पैसे मेन बॅलन्समधून जातात, आणि तो संपला की कॉल तुटतो. बॅलन्स शून्य असेल तर कॉल लागतच नाही. त्यामुळे या सापळ्याची खरी झळ पोस्टपेडवाल्यांना आणि आयएसडीसाठी मुद्दाम टॉपअप टाकून ठेवणाऱ्या घरांना बसते.

महाराष्ट्रात नजर का फसते?

अमेरिकेतल्या लोकांची फसगत होण्याचे एक जुने कारण म्हणजे तिथली नंबरपद्धती. अमेरिका, कॅनडा आणि कॅरिबियन बेटांतले बरेच देश +1 हाच कोड वापरतात. त्यामुळे 473 म्हणजे ग्रेनाडा आणि 876 म्हणजे जमैका हे तिथल्या माणसाला सहज कळत नाही. पुढचे तीन आकडे आपल्याच देशातल्या एखाद्या शहराचे वाटतात.

आपल्याकडे कोड वेगळा, त्यामुळे तसा घोटाळा व्हायचे कारण नाही, असे वाटेल. पण महाराष्ट्रातले बहुतेक एसटीडी कोड 02 ने सुरू होतात, आणि आफ्रिकेतल्या बहुतेक देशांचे कोड +2 ने. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की मौज वाटते. कोल्हापूर 0231, लायबेरिया +231. सांगली 0233, घाना +233. नाशिक 0253, जिबुती +253. जळगाव 0257, बुरुंडी +257. छत्रपती संभाजीनगर 0240, इक्वेटोरियल गिनी +240. मुंबईचे तर आणखी पुढचे आहे. मुंबईच्या लँडलाइनचे बरेच नंबर 022 नंतर 2 ने सुरू होतात, म्हणजे सुरुवात दिसते 0222. आणि मॉरिटानियाचा कोड +222.

झोपेतून उठून चष्म्याशिवाय यादी पाहणाऱ्याला 0231 आणि +231 यांत फरक जाणवेलच असे नाही. ‘कोल्हापूरचा लँडलाइन दिसतोय, तालुक्याच्या ऑफिसातून असेल’ असे वाटून फोन लावला जाऊ शकतो. फरक पहिल्याच खुणेत आहे. भारतातला नंबर एकतर शून्याने सुरू होतो किंवा +91 ने. + च्या पुढे 91 सोडून दुसरे काहीही असेल, तर तो कॉल आयएसडी आहे. बाकी आकडे कितीही ओळखीचे वाटोत.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. घाना किंवा लायबेरियाच्या कोडचा प्रत्येक कॉल फसवणुकीचा असतो असे अजिबात नाही. या देशांत भारतीय कंपन्या, अभियंते, व्यापारी आहेत आणि तिथून खरे फोन येतात. कोडवरून देश कळतो, हेतू कळत नाही.

‘तीन सेकंदांत कॉन्टॅक्ट कॉपी होतात’, हे खरे का?

नाही. व्हॉट्सॲपवर गेली कित्येक वर्षे एक संदेश फिरतो आहे. +375 किंवा +371 ने सुरू होणाऱ्या नंबरवर परत फोन केला तर तीन सेकंदांत तुमची कॉन्टॅक्ट यादी आणि बँकेचे तपशील चोरीला जातात, असे त्यात म्हटलेले असते. हे कोड अनुक्रमे बेलारूस आणि लाटव्हियाचे. एक रिंग देऊन तोडण्याचा भाग खरा आहे, पण पुढचे सगळे कल्पनेतले. साध्या कॉलमध्ये दोन फोनमधून जातो तो आवाज. त्या वाटेने फोनच्या मेमरीत शिरून नावे उचलता येत नाहीत. परत फोन केल्याने पैसे जातात आणि फार तर तुमचा नंबर चालू आहे व तुम्ही परत फोन करणाऱ्यांपैकी आहात, एवढे समोरच्याला कळते. पुढच्या वेळी तुमचा नंबर त्याच्या यादीत वर असू शकतो.

असे संदेश पुढे पाठवण्यात एक वेगळाच तोटा आहे. त्यातले दोन-तीन नंबर लोक लक्षात ठेवतात आणि बाकीचे सुरक्षित समजतात. भाड्याचे नंबर तर आठवड्या-दोन आठवड्यांत बदलतात.

व्हॉट्सॲपवर येणाऱ्या परदेशी कॉलचीही इथेच गल्लत होते. मे २०२३ मध्ये भारतात अनेकांना इंडोनेशिया, व्हिएतनाम, इथिओपिया, केनिया अशा देशांच्या नंबरांवरून व्हॉट्सॲप कॉल आणि मिस्ड कॉल येऊ लागले होते. पण व्हॉट्सॲप कॉल इंटरनेटवरून जातो, त्याला पोहोच शुल्क नसते. त्यावर परत कॉल केला तर डेटा खर्च होतो, आयएसडीचे पैसे नाही. तिथला सापळा वेगळा असतो, घरबसल्या कामाचे आमिष किंवा गुंतवणुकीचे जाळे, आणि त्यात माणूस बोलतो. म्हणून मिस्ड कॉल साध्या फोनच्या यादीत आहे की व्हॉट्सॲपच्या, हे आधी पाहावे. (जून २०२३ मध्ये व्हॉट्सॲपने अनोळखी कॉल शांत करण्याची सोय दिली. ती प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये आहे.)

मग कंपन्या हे थांबवत का नाहीत?

प्रयत्न होतात. एखाद्या परदेशी मालिकेतून अल्पावधीत हजारो ग्राहकांना एक-दोन सेकंदांचे कॉल आले, आणि लगेच त्यातले शेकडो जण त्याच मालिकेकडे फोन करू लागले, तर हा नमुना यंत्रणेला ओळखता येतो. मग ती मालिका बंद केली जाते. अडचण वेळेची आहे. फसवणारे रात्री, शनिवार-रविवारी किंवा सणाच्या सुट्टीत काम करतात, नमुना लक्षात येईपर्यंत काही तास गेलेले असतात आणि तोवर ते नव्या मालिकेवर सरकतात. सरसकट अख्खा देश बंद करणेही शक्य नसते, कारण तिथे खरे फोन जात असतात.

दुसरी अडचण पैशांची. कॉल झाला की आपल्या कंपनीला पुढच्या वाहकाचे पैसे कराराने द्यावेच लागतात, मग ग्राहकाने बिल भरो वा न भरो. ग्राहकाला रक्कम परत दिली तर तो तोटा कंपनीच्या अंगावर पडतो. त्यामुळे ‘फोन तुम्हीच लावला होता’ हे उत्तर अनेकदा ऐकायला मिळते. आणि तांत्रिकदृष्ट्या ते खोटेही नसते. युरोपीय संघाने २०१८ च्या आपल्या दूरसंचार संहितेत यावर नेमका घाव घातला आहे. फसवणुकीचा संशय असेल तर असे नंबर बंद करायला आणि त्या कॉलपोटी पुढे द्यायचे पैसे रोखून धरायला नियामक कंपन्यांना सांगू शकतो. माझ्या मते खरी मात्रा तीच आहे. रिंग कितीही वाजल्या तरी साखळीच्या शेवटी पैसे पोहोचले नाहीत, तर रात्रभर संगणक चालवण्यात कुणाला रस उरणार नाही.

दरम्यान या प्रकाराचा नवा अवतारही आला आहे. अनेक कंपन्यांच्या वेबसाइटवर ‘तुमचा नंबर द्या, आम्ही फोन करू’ असा फॉर्म असतो. फसवणारे संगणकाकरवी त्यात महागडे परदेशी नंबर भरतात आणि कंपनीचेच कर्मचारी त्यावर फोन लावतात. परदेशी पाहुण्यांचे बुकिंग घेणाऱ्या गोव्यातल्या किंवा कोकणातल्या हॉटेलवाल्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यांना परदेशी नंबर संशयास्पद वाटत नाही, तो तर ग्राहक असतो.

ज्यांचे माणूस परदेशात आहे, त्यांनी काय करावे?

‘परदेशी नंबरकडे दुर्लक्ष करा’ हा सल्ला द्यायला सोपा आहे. पण रत्नागिरी-रायगडमधल्या कितीतरी घरांतले कुणी ना कुणी आखातात आहे, गोवा आणि कोकणातली कितीतरी मुले मर्चंट नेव्हीत आहेत. भर समुद्रातून उपग्रह फोनने घरी कॉल आला तर तो +870 सारख्या कोडवरूनही येऊ शकतो. हा कोड कुठल्याही देशाचा नाही, इन्मारसॅट या उपग्रह सेवेचा आहे. म्हणजे तो कॉल खरा असेल, आणि तरीही परत फोन लावणे अतिशय महाग पडेल. अशा घरात दुर्लक्ष करा म्हणून भागत नाही.

यावर उपाय घरातच ठरवता येतो. जहाजावरच्या किंवा परदेशातल्या माणसाशी आधीच बोलून ठेवावे की फोन लागला नाही तर तो पुन्हा करेल किंवा संदेश पाठवेल, एक रिंग देऊन ठेवणार नाही. त्याच्या जहाज कंपनीचा किंवा एजंटचा भारतातला नंबर घरात लिहिलेला असावा. काळजी वाटली तर फोन त्या नंबरवर करावा, मिस्ड कॉलवर नाही. आखातातल्या देशांचे कोड तर मोजकेच आहेत. अमिराती +971, सौदी अरेबिया +966, कुवेत +965, कतार +974, ओमान +968, बहारीन +973. आजी-आजोबांच्या फोनशेजारी एवढे लिहून चिकटवले तरी +222 किंवा +231 आला की ‘हा आपला नाही’ हे त्यांना कळेल.

घरातून कुणीच परदेशी फोन लावत नसेल, तर आयएसडी बंद करून घेणे सगळ्यात सोपे. कंपनीच्या ॲपमधून किंवा ग्राहक सेवा केंद्राला सांगून ते होते, आणि परदेशातून येणारे कॉल त्यामुळे थांबत नाहीत, फक्त आपल्याकडून जाणारे थांबतात. हा फरक माहीत नसल्यामुळे अनेक जण बंद करायला बिचकतात. परदेशी फोन लावायची गरज असेल तर ज्या देशात फोन करता, तिथला दर कंपनीच्या ॲपवर आधी पाहावा.

चुकून परत फोन केलाच असेल तर लगेच फोन ठेवून मेन बॅलन्स किंवा चालू बिलाची नोंद पाहावी आणि तिचा स्क्रीनशॉट घ्यावा. मग आपल्या कंपनीच्या तक्रार क्रमांकावर, बहुतेक कंपन्यांसाठी तो 198 आहे, तक्रार नोंदवून तिचा क्रमांक मागून घ्यावा. मिस्ड कॉल किती वाजता आला, परत फोन किती वाजता केला आणि किती सेकंद चालला, हे तीन तपशील तक्रारीत असावेत. त्यावरूनच कंपनीला त्या मालिकेचा नमुना शोधता येतो. समाधान झाले नाही तर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. संशयास्पद नंबर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’वरील ‘चक्षु’ या सोयीतून कळवता येतो. पैसे बँक खात्यातून गेले असतील तर 1930 ही सायबर हेल्पलाइन आहे. पण निव्वळ वान्गिरीत बँक खाते गुंतलेले नसते, त्यामुळे पहिली तक्रार मोबाइल कंपनीकडेच करावी.